घाट चढताना हवा गार का होते? कर्जत ते लोणावळा चाललेला एक वाद

कर्जतला गाडी थांबली की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. वडे घेऊन पोरं डब्यात शिरतात आणि मागून एक हलकासा धक्का बसतो. तो धक्का बँकर इंजिनं लागल्याचा. बोरघाटातला चढ सर्वात अवघड जागी 37 मीटरला एक मीटर असा आहे. तेवढ्या चढावर पुढच्या इंजिनाला एकट्यानं गाडी ओढणं जड जातं, म्हणून मागून ढकलणारी इंजिनं जोडतात. जुलैचा महिना होता, पाऊस नुकताच थांबला होता, आणि माझ्यासमोर सतीश बसला होता.

सतीश माझा शाळेपासूनचा मित्र. कल्याणला फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याला एका कामासाठी पुण्याला जायचं होतं, मला लग्नाला. त्यानं थंड सोड्याची बाटली घेतली, झाकण फिरवलं, फस्स झालं आणि बाटलीच्या गळ्यात क्षणभर पांढरं धुकं दिसलं. बघता बघता ते विरलंही.

"बघितलंस?" तो म्हणाला. "गॅस मोकळा झाला, गार झाला. आमच्या धंद्याचा सगळा खेळ हाच."

"गार झाला हे खरं. पण का झाला?"

"अरे मास्तर, सोपं आहे. उष्णता होती तेवढीच राहिली, जागा वाढली. ताकात पाणी घातलं की आंबटपणा कमी होतो ना, तसं. तीच उष्णता जास्त जागेत पसरली, म्हणून पातळ झाली."

दरवर्षी वर्गात विचारलं की निम्मी मुलं हेच उत्तर देतात. ऐकायला ते इतकं पटतं की मीही शाळेत असताना हेच धरून चाललो होतो.

"मग मला सांग," मी म्हणालो, "रिक्षाची सीएनजीची टाकी रिकामी असते. पंपावर जास्त दाबाचा गॅस त्यात सोडतात. म्हणजे गॅस दाबातून सुटून रिकाम्या जागेत पसरतो. तुझ्या हिशेबानं टाकी गार पडायला हवी."

सतीश लगेच म्हणाला, "नाही नाही, टाकी गरम होते. रिक्षावाले म्हणतात ना, गरम भरली की गॅस कमी बसतो, नंतर थंड झाली की काटा खाली येतो. नायट्रोजनचंही तेच. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात घेतला की छोटा कोमट लागतो हाताला."

"मग पसरून पातळ झालेली उष्णता गरम कशी?"

तो गप्प झाला. पण सतीश हार मानणारा नाही. "बरं, फुंकर घे. तोंड मोठं करून चष्म्यावर हाऽ केलं की हवा गरम. ओठ आवळून चहावर फू केलं की गार. हवा तीच, माणूस तोच. आवळलेल्या ओठातून सुटली आणि पसरली, म्हणून गार."

हे उदाहरण बऱ्याच ठिकाणी दिलेलं असतं आणि ते चुकीचं आहे. मी त्याला म्हटलं, ओठ आवळ, बोट ओठांना जवळजवळ टेकव आणि फुंक. त्यानं फुंकलं. हवा कोमट होती. मग हात वीतभर लांब नेला आणि तशीच फुंकर मारली. आता गार. ओठातून सुटतानाच हवा गार झाली असती तर ओठांशीच गार लागली असती. चहावर फुंकताना तोंडातला दाब बाहेरच्यापेक्षा फार तर शेकडा एखाद्यानं जास्त असतो. तेवढ्या दाबानं हवा एक अंशही उतरत नाही. फुंकरीची बारीक धार वाटेत आजूबाजूची थंड हवा आपल्यासोबत ओढून घेते आणि कातडीवरचा ओलावा उडवते, म्हणून गार वाटतं. मोठ्या तोंडानं सोडलेल्या हाऽ मध्ये बाहेरची हवा तितकी मिसळत नाही, एवढाच फरक.

गाडी हलली. मागून बँकरनं रेटा दिलेला जाणवत होता. सतीशनं बॅगेतून त्याचा डिजिटल थर्मामीटर काढला. ही मंडळी एसीच्या जाळीत घालून बघतात तो, वायरच्या टोकाला पिन असलेला, आर्द्रताही दाखवणारा. त्यानं पिन खिडकीच्या गजाबाहेर सोडली आणि वायर गजाला गुंडाळली. आकडा स्थिरावला: 28 अंश, आर्द्रता 80 टक्के.

"हे लक्षात ठेव," मी म्हणालो. "याच आकड्यांवरून मी तुला सांगतो की ढगात कुठे शिरू."

"आधी टाकीचं सांग."

टाकीचं उत्तर 1845 मध्ये मँचेस्टरच्या जेम्स जूलनं दिलं आहे. हा दारूच्या भट्टीवाल्या घरातला माणूस, पण तापमान मोजण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं तांब्याची दोन भांडी नळीनं जोडली. एकात वातावरणाच्या 22 पट दाबानं हवा भरली, दुसऱ्यातली हवा काढून घेतली, आणि दोन्ही भांडी एकाच पाण्याच्या टाकीत ठेवली. मधली तोटी उघडली. हवा क्षणात दुप्पट जागेत पसरली. पाणी ढवळून त्यानं तापमान घेतलं. काही फरक नाही.

"असं कसं?" सतीश म्हणाला. "22 पट दाब सुटला आणि काहीच नाही?"

"थांब. मग त्यानं दोन्ही भांड्यांना वेगवेगळ्या पाण्यात ठेवलं आणि पुन्हा तोटी उघडली. ज्यातून हवा गेली ते भांडं गार झालं. ज्यात हवा गेली ते गरम झालं. आणि एकात जेवढी उष्णता कमी झाली, जवळपास तेवढीच दुसऱ्यात वाढली."

सतीशनं बाटली बाजूला ठेवली. "म्हणजे माझा मोठा नायट्रोजनचा सिलिंडर आणि छोटा."

"तेच. दोन्हीकडची हवा पसरलीच होती. पण मागे राहिलेल्या हवेनं पुढच्या हवेला ढकललं. ढकलणारी गार झाली, ढकलली गेलेली गरम झाली. पसरण्याचा यात हात नाही. ढकलण्याचा आहे."

मागे बोट दाखवून मी म्हणालो, "ही बँकर इंजिनं आपल्याला फुकट ढकलत नाहीत. वरच्या तारेतून वीज घेतात तेव्हा ढकलतात. वायूला ढकलायचं असेल आणि त्याला बाहेरून काहीच मिळत नसेल, तर तो खर्च कुठून करणार? स्वतःजवळच्या उष्णतेतून."

"हे हिशेबाला ठीक आहे. पण प्रत्यक्षात होतं काय? रेणूला कसं कळतं की आपण ढकलतोय, आता हळू व्हावं?"

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण यावर नुसतं 'ऊर्जा अक्षय्य असते' असं सांगून सुटता येत नाही. रेणूला काही कळत नाही. तो भिंतीवर आपटतो आणि परत येतो, एवढंच. सतीश एके काळी आमच्या गल्लीच्या संघाचा सलामीचा फलंदाज होता, म्हणून मी बॅटवरून सांगितलं.

"चेंडू मेलेला टाकायचा असेल तर तू काय करायचास?"

"हात सैल सोडायचो. बॅट चेंडूबरोबर थोडी मागे न्यायची. चेंडू पायाशी पडतो."

"बॅट घट्ट धरली तर तो जोरात परत जातो, पुढे मारली तर आणखी जोरात. सिलिंडरचा दट्ट्या स्थिर असेल तर रेणू आला त्याच वेगानं परत जातो. दट्ट्या मागे सरकत असेल तर तुझ्या सैल बॅटसारखं होतं. रेणू कमी वेगानं परततो. आणि तापमान म्हणजे रेणूंच्या या धावपळीचंच माप आहे."

आकड्यात सांगायचं तर, साध्या हवेतले रेणू सेकंदाला सरासरी 470 मीटरच्या आसपास धावतात. दट्ट्या सेकंदाला एक मीटर वेगानं मागे जात असेल, तर त्यावर सरळ आपटलेला रेणू 470 च्या जागी 468 नं परत येतो. एका धडकेला दोन मीटरचा तोटा. तो क्षुल्लक वाटतो, पण वीतभर सिलिंडरमध्ये अशा धडका सेकंदाला हजारोंनी होतात, आणि रेणू एकमेकांवरही आपटत असल्यामुळे तोटा सगळ्यांत वाटला जातो. सायकलच्या पंपात उलटं होतं. दट्ट्या पुढे येतो, म्हणजे बॅट पुढे मारली, रेणू जास्त वेगानं परततात आणि पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं.

"आणि जूलच्या रिकाम्या भांड्यात?"

"तिथे मागे सरकणारी बॅटच नव्हती. समोर भोक होतं, पलीकडे काही नव्हतं. रेणू आपल्या वेगानं निघून गेले. त्यांच्याकडून काढून घेणारं कोणी नसल्यावर वेग कमी होईल कसा?"

जांब्रुंग मागे पडलं होतं. डोंगरावरून पाण्याच्या धारा रुळांच्या बाजूला कोसळत होत्या आणि एकेका बोगद्यात शिरताना डब्यात अंधार होत होता. आकडा 26.3 झाला होता. सतीश त्याच्याकडे बघत म्हणाला, "सोड्याच्या बाटलीत मात्र दट्ट्या नाही."

"दट्ट्या आहे, दिसत नाही. गळ्यातला वायू वर निघाला तेव्हा त्याला बाहेरची हवा बाजूला सारावी लागली. ती हवा प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळपास एक किलोचा भार घेऊन बसलेली असते. आणि खालच्या वायूनं वरच्या वायूला रेटलं. वरचा थर हाच खालच्या थराचा दट्ट्या, आणि तो दट्ट्या मागे मागे जात होता."

मी वर्गात करतो तो प्रयोग त्याला सांगितला. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, काचेची अजिबात नाही. आत स्पिरिटचे चार थेंब टाकून हलवायचं. तोंडाला रबराचं घट्ट बूच, बुचात टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला. सायकलच्या पंपानं हवा भरत गेलं की आतला दाब बाहेरच्या दुप्पट होईपर्यंत बूच टिकतं. हवा भरताना बाटली किंचित तापते, म्हणून मिनिटभर थांबून तिला पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. मग बूच उडवायचं. बाटली दुधासारख्या पांढऱ्या धुक्यानं भरते. पुन्हा बूच लावून पंप मारला की धुकं नाहीसं होऊन बाटली काचेसारखी स्वच्छ दिसते. मुलं हा दुसरा भाग बघून जास्त चकित होतात.

"किती गार होत असेल आत?"

त्यासाठी हवेचं एक सूत्र आहे, आणि ते त्याच्याच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर चालतं:

T2 = T1 × (P2/P1)^0.286

तापमान इथे केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवायचे. खोली 27 अंशांची, म्हणजे 300 केल्विन. दाब निम्मा झाला. सतीशनं आकडे मारले आणि 246 आले. उणे 27 अंश.

"उणे 27! डीप फ्रीझरपेक्षा खाली!"

"हिशेबानं. प्रत्यक्षात तितकं उतरत नाही. वाफेचं धुकं होताना ती उष्णता परत सोडते, आणि बाटलीच्या भिंतीही लगेच हवा तापवायला लागतात. म्हणून धुकं थोड्या वेळात विरतं. सोड्याच्या बाटलीत ते एवढं झटपट गेलं, कारण गळा बारीक, भिंत जवळ. भिंतीनं उष्णता द्यायच्या आत प्रसरण उरकायला हवं. आपण 'एकदम' म्हणतो ते एवढ्यासाठी."

मला वाटलं वाद संपला. तेवढ्यात सतीशनं शेजारच्या सीटवरचं वेफर्सचं पाकीट उचललं. कल्याणला घेतलं तेव्हा सैल होतं. आता त्याच्या कडा ताठ झाल्या होत्या.

"हे फुगतंय. बाहेरचा दाब कमी होतोय म्हणून, बरोबर? म्हणजे आतली हवा पसरतेय आणि पाकिटाला ढकलतेयही. पण हात लावून बघ. गार नाही."

"कारण हे एकदम होत नाहीये. कर्जत ते लोणावळा पाऊण तास लागतो. पाकिटातली हवा ढकलण्यात जे घालवते ते डब्यातली उष्णता आत येऊन भरून काढते."

"बरं. मग आता मला सांग." तो पुढे वाकला. "बाहेरची हवाही डोंगर चढतेच आहे. समुद्रावरून आली, घाटावर आपटली, वर चढली. तिलाही वीस मिनिटं, अर्धा तास लागत असेल. ते कुठे एकदम आहे? पाकिटाला पाऊण तास म्हणजे सावकाश आणि हवेला अर्धा तास म्हणजे एकदम, असं कसं चालेल?"

मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. इतकी वर्षं मी 'एकदम' हा शब्द फळ्यावर लिहीत आलो, पण एकदम म्हणजे कशाच्या मानानं एकदम हे मला इतक्या नेमकेपणानं कुणी विचारलं नव्हतं.

उत्तर आकारात आहे. स्थिर हवेतून उष्णता फार हळू सरकते. हाताच्या मुठीएवढ्या जागेत ती मिनिट-दीड मिनिटात पोचते. पण अंतर दुप्पट केलं की वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. तासाभरात ती जेमतेम फूटभर पुढे जाते. पाकीट मुठीएवढं, त्यामुळे पाऊण तासात त्याला हवी तेवढी उष्णता मिळून जाते. घाट चढणारा हवेचा लोट मैलोन्‌मैल पसरलेला आणि शेकडो मीटर जाडीचा. कडेनं फूटभर उष्णता शिरली तरी त्याच्या पोटापर्यंत काय पोचणार? हवा घुसळली जाते हे खरं, पण तिच्या शेजारी असते ती तिच्यासारखीच वर चढून गार होणारी हवा. उसनं मागायचं तर शेजाऱ्याचाही खिसा रिकामाच. त्यामुळे त्या लोटाला अर्धा तास हा आपल्या बाटलीच्या झटक्यासारखाच आहे.

"म्हणजे एकदम हे घड्याळावर ठरत नाही."

"उष्णता आत यायला जो वेळ लागतो, त्याच्या आधी प्रसरण उरकलं तर ते एकदम. आणि दुसरी मर्यादाही लक्षात ठेव. दट्ट्या रेणूंपेक्षाही जोरात पळाला, तर रेणू त्याला गाठूच शकत नाहीत. मग तुझी सैल बॅटही नाही आणि गारही होणं नाही. जूलच्या रिकाम्या भांड्यासारखं."

आता घाटाचा हिशेब करायला काही अडचण नव्हती. कर्जत समुद्रसपाटीपासून 50-60 मीटरवर, लोणावळा 620 च्या आसपास. मधल्या साडेपाचशे मीटरमध्ये हवेचा दाब शेकडा सहाच्या थोडा वर कमी होतो. त्याच सूत्रात घातलं की 28 अंशांची हवा साडेपाच अंशांनी उतरते. ढोबळ मानानं दर 100 मीटरला एक अंश, आणि डोंगर कुठलाही असो, कोरड्या हवेचा हा दर बदलत नाही. वर गेल्यावर सूर्य जवळ येतो तरी गार कसं, असं लोक विचारतात. ऊन हवेला थेट फार तापवत नाही. ते जमिनीला तापवतं, जमीन हवेला तापवते, आणि ती हवा वर जाताना आजूबाजूच्या हवेला रेटत रेटत आपली उष्णता खर्च करते.

"आणि ढगाचं?" सतीशनं आठवण दिली.

28 अंशांच्या, 80 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू 24 च्या थोडा वर असतो, म्हणजे ती हवा तिथवर गार केली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं. दोन्हींत अंतर धरू चार अंशांचं. हवा वर चढताना तापमान 100 मीटरला एक अंश उतरतं, पण दवबिंदूही थोडा खाली सरकतो, म्हणून प्रत्येक अंशाच्या अंतराला 125 मीटर धरायचे. चार अंशांना 500 मीटर. कर्जतचे 50 मिळवले की साडेपाचशे. म्हणजे ढगाचं बूड साधारण मंकी हिल आणि खंडाळ्याच्या दरम्यान आपल्या डोक्याला लागणार.

मंकी हिल सुटलं. एका बोगद्याच्या आधी समोरची दरी, खालची हिरवी भातखाचरं, सगळं लख्ख दिसत होतं. बोगद्यातून बाहेर आलो तर खिडकीत पांढरं. पलीकडचा रूळही दिसेना. गजावर बारीक थेंब जमले आणि थंड ओल आत आली. सतीश काही बोलला नाही. त्यानं सोड्याच्या बाटलीच्या गळ्याकडे बघितलं आणि परत बाहेर बघितलं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मग यापुढेही 100 मीटरला एक अंश?"

"नाही, आता निम्म्याच्या आसपास. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते. एक ग्रॅम पाणी जमलं तर एक किलो हवा जवळपास अडीच अंशांनी तापेल एवढी. ढकलण्यात जातं त्यातलं अर्धंअधिक तिकडून परत मिळतं. पुढे घाटमाथा ओलांडून हवा खाली उतरायला लागली की बॅट पुढे मारल्यासारखं. दाबली जाते, तापते, ढग विरतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पुण्यात सातशेच्या आसपास, त्यामागे हे एक मोठं कारण आहे."

"आता माझं ऐक," सतीश म्हणाला. "नायट्रोजनच्या सिलिंडरचा रेग्युलेटर. एसीची लाइन तपासायला 150 वातावरणांचा दाब 30 वर आणतो. तिथे दट्ट्या नाही, मोकळा सिलिंडर नाही, गॅस एका बारीक वाटेतून सतत चाललेला. आणि रेग्युलेटर गारठतो, कधीकधी घाम सुटतो त्याला. नायट्रोजनला द्रव म्हणू नकोस, तो सिलिंडरमध्ये गॅसच असतो."

इथे मला त्याला थोडं श्रेय द्यावं लागलं. अशा वाटेतून जाताना मागचा वायू पुढच्याला ढकलतो आणि पुढचा त्याच्या पुढच्याला, त्यामुळे जमा आणि खर्च जवळपास सारखेच होतात. आदर्श वायू असता तर पलीकडे धार शांत झाल्यावर तापमान होतं तेवढंच राहिलं असतं. पण खऱ्या वायूचे रेणू एकमेकांना किंचित ओढून धरतात. दाबात ते दाटीनं असतात, सुटताना लांब जातात, आणि ती ओढ तोडण्यात थोडा वेग खर्च होतो. जूल आणि विल्यम थॉमसन यांनी 1852 पासून हे मोजलं. नायट्रोजनमध्ये हा फरक एका वातावरणाच्या दाबाला अंशाचा पाचवा हिस्सा एवढाच असतो, पण दाब 120 नं उतरला की 20 अंशांच्या आसपास होतो. घाम सुटायला तेवढं पुरतं. कार्बन डायऑक्साइडमध्ये तो एका वातावरणाला एक अंशाच्या जवळपास. हायड्रोजन मात्र खोलीच्या तापमानाला अशा वाटेतून सुटला की उलट किंचित तापतो.

"म्हणजे पसरल्यामुळे गार होतो हे माझं म्हणणं थोडं खरं होतं."

"थोडं. पण उष्णता पातळ होते म्हणून नाही. आणि जूलच्या पहिल्या प्रयोगात हा फरक होताच. हवा फक्त थोडी आणि भोवती तांबं आणि पाणी भरपूर, म्हणून थर्मामीटरला कळला नाही."

"आणि माझा फ्रिज?"

"फ्रिजच्या कॅपिलरीत, म्हणजे त्या बारीक नळीत, शिरतो तो गॅस नव्हेच, द्रव असतो. पलीकडे दाब कमी, म्हणून तो उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता स्वतःतून आणि जाळीतून घेतो. माठ पाझरतो त्याच्या जवळचं नातं. तुम्ही 'गॅस भरला' म्हणता, पण थंडावा देतं ते द्रवाचं उकळणं."

"ते मला माहीत आहे रे," सतीश म्हणाला. "द्रव पोचला नाही की कूलिंग येत नाही, हे मी रोज बघतो. पण ते आणि बाटलीचं धुकं हे दोन वेगळे खेळ आहेत, हे मी आजवर असं तोडून बघितलं नव्हतं."

लोणावळ्याला गाडी थांबली. मागची इंजिनं सुटल्याचा आवाज आला. सतीशनं वायर आत घेतली. 23.8.

"तू म्हणालास साडेबावीसच्या आसपास. सव्वा अंश कुठे गेला?"

"पिन डब्याच्या अंगाशी होती आणि डबा अजून खालची ऊब धरून आहे. शिवाय इथली सगळी हवा कर्जतच्या रुळावरूनच चढून आलीय असं नाही. काही आधीच ढगात होती, काही पावसानं भिजलेली."

त्याला ते पुरतं पटलं नाही, आणि ते ठीकच होतं. त्यानं वेफर्सचं टम्म फुगलेलं पाकीट हातात घेतलं. "हे फोडलं की आतला दाब एकदम सुटेल. म्हणजे आतली हवा अंश-दीड अंश तरी उतरेल. पिन आत घालून फोडू?"

"पिनला कळणारच नाही. तुझी ही पिन तापमान दाखवायला दहा-बारा सेकंद घेते. तोवर वेफर्सनीच आतली हवा परत तापवलेली असेल."

सतीशनं पिनकडे नीट बघितलं, तिची जाडी नखानं चाचपली. "केसाएवढ्या तारेचं थर्मोकपल आहे माझ्याकडे, दुकानात. परत येताना मात्र उपयोग नाही, उतारावर पाकीट चेपतं. पुढच्या खेपेला घेऊन येतो." आणि पाकीट न फोडता त्यानं ते बॅगेत ठेवून दिलं.